रिपोर्टच्या दुसऱ्या पानावरची ओळ: पित्ताशयाच्या भिंतीतलं कॅल्शियम

मराठीत ‘पित्त’ या शब्दाला आपण फार राबवतो. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांध्या उठल्या की पित्त, डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्तच. यातल्या बहुतेक गोष्टींचा खऱ्या पित्ताशी काही संबंध नसतो. आंबट ढेकर म्हणजे जठरातलं आम्ल. खरं पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, आणि लिव्हरच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या एका छोट्या पिशवीत साठतं. ही पिशवी म्हणजे पित्ताशय, म्हणजेच गॉलब्लॅडर. लांबी साधारण 7 ते 10 सेंटिमीटर, आत मावतं चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. या शब्दाच्या घोळाची किंमत अशी, की पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं आपल्या घरांत वर्षानुवर्षं ‘पित्ताचा त्रास’ म्हणून कोकम सरबत, थंड दूध आणि आम्लाच्या गोळ्यांवर निभावून नेलं जातं.

दोन्ही दुखणी वेगळी ओळखता येतात. खड्याचं दुखणं पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजवीकडे येतं, बऱ्याचदा जेवणानंतर किंवा रात्री. ते अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखं टिकतं, कधी उजव्या खांद्याच्या पात्याकडे सरकतं, आणि आम्लाच्या गोळीने हलत नाही. पण आजचा विषय ज्यांना असं दुखतं त्यांच्यापुरता नाही. ज्यांना काहीच दुखत नाही, आणि भलत्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये ज्यांच्या पित्ताशयाबद्दल एक ओळ लिहून आली आहे, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

समजा, तुम्ही अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहता आणि हिवाळ्यात सांगलीहून सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. (हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोज कुठे ना कुठे घडते.) वय 61, थोडा रक्तदाब, बाकी ठणठणीत. एका पहाटे डाव्या कुशीत कळ येते, तुम्ही त्यांना इमर्जन्सीत नेता. मूतखड्याची शंका, म्हणून डाय न देता पोटाचा सीटी स्कॅन होतो. डाव्या मूत्रवाहिनीत 4 मिलिमीटरचा खडा सापडतो. गोळ्या, भरपूर पाणी, आणि चार दिवसांत खडा पडून जातो. घरात सुटकेचा श्वास. रिपोर्ट फाइलमध्ये जातो.

त्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर, लिव्हर आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये, एक ओळ असते. तिचा अर्थ असा: पित्ताशयात अनेक खडे, भिंतीत तुटक, वक्र रेषेत कॅल्शियम, क्लिनिकल कोरिलेशन करावे. हा शेवटचा शब्दप्रयोग पाहिला की बहुतेक घरांत वाटतं, काही विशेष नसणार. प्रत्यक्षात रेडिओलॉजिस्ट म्हणतोय, ‘मला हे दिसलं, याचं काय करायचं ते पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरने ठरवावं.’ पण तपासणारा डॉक्टर मूतखड्याचा. त्याचं काम खडा पडला तिथे संपलं. रेडिओलॉजिस्टने पेशंटला पाहिलंच नाही. सांगलीच्या फॅमिली डॉक्टरांना असा स्कॅन झाल्याचीही कल्पना नाही. ओळ लिहिलेली आहे, पण तिचा वाली कोणी नाही.

ती ओळ नेमकं काय सांगते, ते आता सावकाश पाहू.

आधी नुसत्या खड्यांचं. पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या पित्ताशयात खडे सापडतात. हे वाक्य ऐकून घाबरायला होतं, पण ते उलट दिशेने वाचता येत नाही. खडे असलेल्यांपैकी फार थोड्यांना, ढोबळ मानाने शंभरात एकालाही नाही, पुढच्या वीसेक वर्षांत हा कॅन्सर होतो. खडे भिंतीला घासत राहतात, सूज येते-जाते, अस्तराच्या पेशी स्वतःला पुन्हा पुन्हा घडवतात, आणि या घडवण्यात कधीतरी चूक होऊन ती टिकते. या प्रवासाला सहसा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. म्हणूनच ‘खडे किती वर्षांपासून आहेत’ आणि ‘केवढे आहेत’ या प्रश्नांना महत्त्व आहे. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा असेल तर धोका, एक सेंटिमीटरहून लहान खड्यांच्या तुलनेत, सुमारे दहा पट असल्याचं 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तेव्हापासून सर्जन मोठ्या खड्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

आता कॅल्शियम. जुनी सूज भिंतीत मुरली की कधीकधी तिथे कॅल्शियमचे क्षार बसतात. सगळी भिंत अशी झाली तर पित्ताशय निळसर, ठिसूळ, चिनीमातीच्या बरणीसारखं दिसतं, म्हणून त्याला पोर्सेलिन गॉलब्लॅडर म्हणतात. एकेकाळी सर्जरीच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जाई की असं पित्ताशय दिसलं तर कॅन्सर जवळजवळ धरूनच चाला. हे आलं 1960च्या दशकातल्या आकड्यांवरून. ब्युनॉस आयर्समधल्या एका मालिकेत अशा 26 पेशंटांपैकी 16 जणांना कॅन्सर होता, म्हणजे 62 टक्के.

मग 2001 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या दोन सर्जनांनी त्यांच्याकडे काढलेल्या 25,900 पित्ताशयांच्या नोंदी उलगडल्या. भिंतीत कॅल्शियम असलेली पित्ताशयं निघाली फक्त 44. त्यातल्या 17 मध्ये कॅल्शियम भिंतीच्या आत सलग पसरलेलं होतं; त्यात कॅन्सर एकही नाही. उरलेल्या 27 मध्ये ते अस्तरात ठिपक्याठिपक्यांनी बसलेलं होतं. त्यात दोघांना कॅन्सर, म्हणजे सुमारे 7 टक्के. पुढे 2013 साली सगळ्या जुन्या-नव्या मालिका एकत्र करून, ज्यांत पेशंटांची निवडच एकांगी झाली होती त्या वगळल्यावर आकडा आला सुमारे 6 टक्के. तशाच पण कॅल्शियम नसलेल्या पेशंटांमध्ये तो 1 टक्का होता.

62 वरून 6. आजार तोच होता, आकड्यात फरक पडला तो मोजणाऱ्याच्या खिडकीमुळे. साठच्या दशकात सीटी नव्हता, सोनोग्राफी घरोघर पोचलेली नव्हती. साध्या एक्स-रेमध्ये पित्ताशयाची पांढरी कड दिसायला माणसाला आधी एवढा त्रास व्हावा लागे, की तो मोठ्या हॉस्पिटलात पोचेल. ज्यांची भिंत तशीच कॅल्शियमने भरली होती पण जे आनंदाने ऐंशी वर्षं जगले, ते कोणत्याच मालिकेत आले नाहीत. शिवाय डॉक्टर लेख लिहितात तो लक्षात राहिलेल्या पेशंटांवर. याला निवडीतला पक्षपात म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी नऊला चढून ‘मुंबईत सगळे घाईत असतात’ असं अनुमान काढण्यासारखंच आहे हे.

बॉस्टनच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट वाचता येते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या 25,900 पित्ताशयांत एकूण कॅन्सर 150 होते. कॅल्शियमवाले दोन वजा केले तर 148 जणांच्या भिंतीत कॅल्शियम नव्हतंच. म्हणजे कॅल्शियम ही धोक्याची खूण आहे, पण ती नसणं ही सुरक्षिततेची हमी नाही. आणि ‘27 पैकी 2’ हा आकडाही किती नाजूक आहे ते पाहा: एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर टक्केवारी निम्मी किंवा दीडपट झाली असती. तेव्हा 6 किंवा 7 टक्के हा दगडावर कोरलेला आकडा न मानता, ‘थोडाथोडका नाही, पण निम्म्याहून फार फार कमी’ एवढाच अर्थ त्यातून घ्यावा.

सलग कॅल्शियममध्ये धोका कमी आणि तुटकमध्ये जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं. त्याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं: भिंत पुरती कॅल्शियमने भरली की अस्तराच्या पेशीच जवळपास संपलेल्या असतात, बिघडायला कोणी उरलेलं नसतं. तुटक कॅल्शियममध्ये ठिपक्यांच्या अध्येमध्ये जिवंत, सुजलेलं अस्तर शिल्लक असतं. म्हणून सासूबाईंच्या रिपोर्टमधला ‘तुटक’ हा एक शब्द कामाचा आहे.

भूगोलाचाही भाग आहे. भारतात हा कॅन्सर सगळीकडे सारखा नाही. गंगेच्या खोऱ्यात, दिल्लीपासून बिहारपर्यंत आणि पुढे आसामात, विशेषतः बायकांमध्ये तो बराच आढळतो. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत त्यामानाने कमी. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी 2017 साली हजारो भारतीयांची जनुकं तपासून दाखवलं की लिव्हरमधून पित्तात पदार्थ ढकलणाऱ्या ‘पंपां’ची जी दोन जनुकं आहेत, त्यांच्या परिसरातल्या काही फरकांचा या कॅन्सरच्या धोक्याशी संबंध आहे. जगात चिलीमध्ये तर हा आजार इतका आहे, की तिथलं सरकार 35 ते 49 वयोगटात खडे सापडले तर त्रास नसतानाही ऑपरेशनची हमी देतं. महाराष्ट्रात तसं करण्याचं कारण नाही. त्रास न देणारे साधे खडे, भिंत नीट, खडा लहान, तर ऑपरेशन न करता राहणं हाच बहुतेकांसाठी बरा सल्ला. पण सासूबाईंचं माहेर वाराणसीचं असेल, किंवा घरात कोणाला हा कॅन्सर झालेला असेल, तर सर्जनला ते आवर्जून सांगा.

आता त्या ओळीचं करायचं काय?

पहिलं काम घरबसल्या होतं. सांगलीतल्या कपाटातली जुनी सोनोग्राफी शोधायला सांगा. आपल्याकडे रिपोर्ट फेकत नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत का होईना, असतात. समजा 2013 सालचा रिपोर्ट सापडला: ‘अनेक खडे, भिंत 2 मिलिमीटर, नॉर्मल.’ यावरून दोन गोष्टी कळतात. खडे निदान बारा-तेरा वर्षांचे आहेत, आणि भिंत तेव्हा चांगली होती, म्हणजे बदल नंतरचा आहे. (भिंत साधारण 3 मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात, तीही उपाशीपोटी तपासली असेल तर. जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि भिंत उगाच जाड दिसते.)

दुसरं, हे खरंच भिंतीतलं कॅल्शियम आहे ना? सोनोग्राफीत इथे गल्लत होते. खड्यांनी गच्च भरलेलं, आकसलेलं पित्ताशयही पडद्यावर एक चकाकती कमान आणि तिच्यामागे काळी सावली असंच दिसतं. फरक बारीक आहे: खड्यांनी भरलेल्या पित्ताशयात आधी भिंतीची उजळ रेघ, मग पित्ताचा पातळ काळा पट्टा, मग खड्यांची दुसरी उजळ रेघ असते. भिंतच कॅल्शियमची असेल तर उजळ रेघ एकच. सीटीवर हा प्रश्न सहसा सुटतो. म्हणून ओळ सोनोग्राफीतून आली असेल तर सीटीने खात्री करतात. आपल्या उदाहरणात सीटी आधीच झालेला आहे.

तिसरं, सर्जनची भेट, आणि तीही पोटाच्या सर्जनची. त्याला रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रं लागतात. अबू धाबीतली हॉस्पिटलं 2019 पासून ‘मलाफी’ नावाच्या सामायिक नोंदव्यवस्थेशी जोडली गेली आहेत, त्यामुळे इथल्या दुसऱ्या डॉक्टरला नोंदी दिसण्याची सोय आहे. पण ती सोय सांगलीपर्यंत पोचत नाही. हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागातून स्कॅनची सीडी किंवा डाउनलोड मागून घ्या. विमानात बसण्याआधी घ्या, कारण नंतर दुसऱ्याच्या नावावरची चित्रं मिळवायला संमतीपत्रांचा खेळ होतो. सर्जनला विचारायचे प्रश्न साधे आहेत. कॅल्शियम सलग आहे की तुटक? भिंत कुठे एका जागी जाड आहे का, आत गाठीसारखं काही दिसतं का, शेजारच्या लिव्हरमध्ये किंवा लसिकाग्रंथींत काही आहे का? डाय न देता केलेल्या सीटीत या शेवटच्या गोष्टी नीट कळत नाहीत, त्यामुळे बहुधा डाय देऊन सीटी किंवा एमआरआय लागेल. सोबत लिव्हरच्या रक्ततपासण्या.

‘दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून लक्ष ठेवू’ हा पर्याय सुचवला जातो. साध्या खड्यांसाठी किंवा लहान पॉलिपसाठी लक्ष ठेवणं ठीकच आहे. पण कॅल्शियमची भिंत सोनोग्राफीच्या लहरी अडवते. तिच्यामागे सावली पडते आणि नेमकं जे पाहायचं ते सावलीत जातं. लक्ष ठेवायचंच असेल तर कशाने ठेवणार, हे सर्जनकडून स्पष्ट करून घ्या.

61 वर्षांच्या, तब्येतीने धडधाकट बाईला बारा वर्षांचे खडे आणि तुटक कॅल्शियम असेल, तर बहुतेक सर्जन पित्ताशय काढायचा सल्ला देतील आणि मला तो योग्य वाटतो. हेच पेशंट 84 वर्षांचे, हृदयाचं पंपिंग कमी झालेले, आणि कॅल्शियम सलग असेल, तर भूल देण्याचाच धोका कॅन्सरच्या धोक्याहून जास्त ठरू शकतो, आणि काही न करणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तो निर्णय कोणीतरी घेतलेला असावा, एवढंच. ओळ वाचलीच गेली नाही म्हणून आपोआप झालेला नसावा.

घाई किती करायची? गाठीची शंका नसेल तर ही इमर्जन्सी नाही. व्हिजिट व्हिसावरच्या विम्यात असं ठरवून केलेलं ऑपरेशन सहसा बसत नाही, त्यामुळे बरेच जण भारतात करतात, आणि काही आठवडे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. पण ‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हणत वर्ष घालवू नये. डोळे पिवळे होणं, वजन आपोआप उतरणं, उजवीकडे सतत दुखणं, ताप, यातलं काही असेल तर मात्र लगेच. हा कॅन्सर लक्षणं दाखवतो तेव्हा बहुधा पुढे गेलेला असतो. त्याचं कारण भिंतीच्या रचनेत आहे. आतड्याच्या भिंतीत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये एक जास्तीचा थर असतो, पित्ताशयाच्या भिंतीत तो नाही. शिवाय जी बाजू लिव्हरला चिकटलेली, तिथे बाहेरचं आवरणही नाही. काही मिलिमीटर ओलांडले की पेशी थेट लिव्हरच्या दारात.

ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच होतं. शंका असेल तर सर्जन दोन काळज्या घेतो: पित्ताशय फाटून पित्त पोटात सांडू नये, आणि ते पिशवीत घालूनच बाहेर काढावं. स्कॅनमध्ये ठळक गाठ असेल तर मात्र हे गावातल्या नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचं काम उरत नाही. लिव्हरची सर्जरी जिथे होते अशा ठिकाणी जायला हवं, म्हणजे पहिलंच ऑपरेशन पुरेसं होईल.

आणि मग येते दुसरी ओळ, जी पहिलीपेक्षाही जास्त वेळा हरवते. काढलेलं पित्ताशय तपासणीला जातं. घरच्यांना बरणीत खडे दाखवतात, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, टाके सुकतात, आणि बायॉप्सीचा रिपोर्ट आणायला कोणी जात नाही. काही ठिकाणी नमुना पाठवतच नाहीत, किंवा खर्च वाचवायला घरचेच नको म्हणतात. साध्या खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांतही अधूनमधून, हजारात काही, अनपेक्षित कॅन्सर निघतो. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही, मायक्रोस्कोपखालीच कळतो.

त्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघालाच, तर एका गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं: तो भिंतीत किती खोल गेला आहे. फक्त अस्तरापुरता असेल, ज्याला टी-वन-ए म्हणतात, आणि कडा स्वच्छ असतील, तर झालेलं ऑपरेशनच उपचार ठरतं आणि जवळजवळ सगळे पेशंट बरे होतात. स्नायूच्या थरात शिरला असेल, म्हणजे टी-वन-बी, किंवा त्याहून खोल, तर पुन्हा ऑपरेशन करून पित्ताशयालगतचा लिव्हरचा तुकडा आणि लसिकाग्रंथी काढायचा सल्ला देतात. हे दुसरं ऑपरेशन केव्हा करावं, यावर अमेरिकेतल्या 10 संस्थांच्या एकत्रित नोंदींचा अभ्यास 2017 साली आला. त्यात पहिल्या ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांत दुसरं झालेल्यांचं सगळ्यात चांगलं झालं. आता हिशेब करा. रिपोर्ट यायला एक-दोन आठवडे. तो सांगलीच्या लॅबमध्ये पडून आहे, सासूबाई बऱ्या वाटतात म्हणून पुण्याला धाकट्या लेकीकडे गेल्या आहेत, तुम्ही रीमवर. सहा आठवड्यांनी टाके दाखवायला गेल्यावर कोणाला आठवलं तर आठवलं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: नमुना कोणत्या लॅबला गेला, रिपोर्टची तारीख काय, आणि तो कोण आणणार. त्या तारखेचा रिमाइंडर तुमच्या फोनमध्ये लावा. रिपोर्ट हातात आला की ‘मॅलिग्नन्सी नाही’ एवढं वाचून न थांबता ‘डिस्प्लेझिया’ हा शब्द कुठे आहे का पाहा. असेल तर ती कॅन्सरच्या आधीची पायरी आहे, आणि जिथे पित्ताशय कापलं त्या नळीच्या कडेला ती आहे की नाही, हे सर्जनला विचारायचं.